साअत

आमच्या शाळेतले शमशोद्दीन मौलवी भाजीवालीशीसुद्धा जोडून बोलत. बीडच्या बाजारात वांग्यांच्या ढिगापुढं ते उकिडवे बसत आणि म्हणत, "वांगी काळी, देठं हिरवी, भाव ऐकून तोंड फिरवी!" भाजीवाली कोंडाबाई काही कमी नव्हती. ती पदर खोचून म्हणे, "घ्या न्हाई तर व्हा म्होरं, मागं उभी गिऱ्हाइकं थोरं!" मौलवी इतके खूश होत की भाव न करताच वांगी घेत. वाटेत मला सांगत, "मास्तर, हिला अरबी शिकवायला पायजे हुती."

निजामाच्या राज्यात शाळेचा कारभार उर्दूत. मी हिशेब शिकवी, मौलवी अरबी. माझ्या आणि त्यांच्या वर्गामध्ये नुसता तट्ट्याचा आडोसा होता. त्यांच्याकडं वरच्या इयत्तेतले, व्याकरण पचवून बसलेले तिघेचौघे विद्यार्थी असत. ते शब्दांचे अलंकार शिकत आणि आडोशाअलीकडून मीही शिकत असे. माझी मुलं व्याजाची गणितं चुकत ती बहुधा त्यामुळंच.

एखाद्यानं ओढूनताणून शेवट जुळवला की पलीकडून मौलवींची आरोळी येई, "बे, ही सजअ न्हाई, सजा हाय!" सजअ म्हणजे गद्यात जुळवलेले शेवट. त्याचे त्यांचे नियम कडक. दोन्ही तुकड्यांचा अखेरचा नाद एक हवा. दुसरा तुकडा पहिल्याएवढा असावा, थोडा लांब चालेल, पण आखूड नको. "पायरी हाय म्हणून पाय टाकावा अन् खाली काईच नसावं, तसं हुतंय कानाला." आणि सगळ्यात मोठा नियम: "अर्थ धनी, शब्द गडी. गडी धन्याम्होरं चालला की समजा वाट चुकली."

उदाहरण ते नेहमी स्वतःचंच देत. "करुबतिद्-दार, व बउदल्-जार." घर जवळ आलं, शेजारी दूर गेला. मग बोटं मोडत विचारत, "काय काय सापडलं?" पोरं सांगत: जवळ आणि दूर, हे दोन विरोधी अर्थ एकत्र बांधले, हा तिबाक. दार आणि जार, शेवट जुळले, ही सजअ. शिवाय त्या दोन शब्दांत एकाच अक्षराचा फरक, म्हणून हा जिनास, सारख्या शब्दांची जोडी, पण अपुरा.

"अन् पुरा जिनास कंचा?" एकदा एका पोरानं विचारलं.

"अक्षरं तीच, त्यांची संख्या तीच, क्रम तोच, स्वरचिन्हंबी तीच, अन् अर्थ मात्र निराळे. ही चारी कलमं जुळली तर पुरा."

"म्हणजे साअतसारखा? साअत म्हणजे घटका, अन् साअत म्हणजे कयामतबी."

पलीकडं पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग मौलवी म्हणाले, "आज सुट्टी." भर दुपारी.

मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. बायको वारल्यापासून ते एकटेच असत. त्यांनी त्या दिवशी एकही शेवट न जुळवता सांगितलं. हैदराबादेत शिकताना करीमुल्ला नावाचा त्यांचा मित्र होता, माजलगावचा. एका ताटात जेवत, एका कंदिलाखाली वाचत. एके दिवशी या शब्दावर वाद पडला. मौलवी म्हणाले, चारी कलमं जुळतात, अर्थ दोन आहेत, तेव्हा हा पुरा जिनास. करीमुल्ला म्हणाले, छे! कयामतीला साअत म्हणतात ते घटकेवरूनच. खुदाच्या लेखी तो एवढा मोठा दिवसही घटकेएवढाच, म्हणून लाक्षणिक अर्थानं तोच शब्द वापरला. जिनासाला दोन्ही अर्थ आपापल्या पायावर उभे पाहिजेत. एक दुसऱ्याच्या खांद्यावर बसून चालत नाही.

"मोठमोठ्या आलिमांतबी हा वाद हाय, मास्तर. पर ते वाद घालून जेवायला बसले असतील. आमी उठलो ते उठलोच."

"किती वर्षं झाली?"

"दाढी काळी हुती तवा."

पुढच्या उन्हाळ्यात माजलगावचा एक धान्याचा व्यापारी बातमी घेऊन आला. करीमुल्लांचा मुलगा त्यांना कायमचं हैदराबादला नेणार होता. मौलवी म्हणाले, "जाईना का." दुसऱ्या दिवशी पहाटेच माझी कडी वाजली. "मास्तर, दमणी सांगितली हाय. तुमी चला. एकला गेलो तर वेशीवरून माघारी येईन."

वाटभर मौलवी उजळणी करत होते. माफीचं वाक्य त्यांनी सजअमध्ये बांधलं होतं. दुसरा तुकडा आखूड पडतो म्हणून तीनदा मोडलं, पुन्हा बांधलं. सिंदफणा नदीच्या वाळूत बैल थकले, पण वाक्य काही पुरं होईना.

करीमुल्ला अंगणात बाजेवर बसले होते. वाळलेले, मोठ्या डोळ्यांचे. मौलवींनी दारातूनच वाक्य सुरू केलं. करीमुल्ला नुसते बघत राहिले. त्यांची सून आतून बाहेर आली. "मामूंना ऐकू येत न्हाई. चार वर्षं झाली. तळहातावर बोटानं लिहा, वाचतात."

जन्मभर नादावर जगलेला माणूस, आणि त्याच्या कानात आता काहीच पोचत नव्हतं. मौलवी बाजेवर बसले. त्यांनी मित्राचा हात मांडीवर घेतला आणि तळव्यावर बोटानं एक शब्द लिहिला. साअत.

करीमुल्ला मोठ्यानं बोलले, बहिऱ्या माणसासारखं. "तुझंच खरं हुतं, शमशू! मी एवढ्या घटका मोजल्या, एकीतबी कयामत आली न्हाई. घटका निराळी, कयामत निराळी. जिनास हाय, पुरा जिनास!"

"न्हाई!" मौलवी ओरडले, आणि आठवण होताच भराभर लिहू लागले. बोलतही होते, म्हणून मला कळलं. "तुझंच खरं. तू गेलास ती एक घटकाच कयामत हुती. अर्थ एकच हाय. जिनास न्हाई!"

"हाय म्हणतो ना!"

"न्हाई म्हणतो!"

एवढी वर्षं दोघांनीही मनातल्या मनात दुसऱ्याची बाजू लढवली होती, आणि आता पुन्हा समोरासमोर उभे होते. सून घाबरून माझ्याकडं बघू लागली. मी म्हणालो, "बाई, भाकरी टाका. हे आता जेवायला बसतील."

बसले. एका ताटात.

ऊन उतरल्यावर निघायची वेळ झाली. दोन दिवसांनी करीमुल्लांचं सामान बांधायचं होतं. पुन्हा भेट होणार नाही, हे दोघंही जाणून होते. मौलवींनी त्यांचा हात धरला आणि तळव्यावर सावकाश एक शब्द काढला. नुसता सांगाडा, बिनानुक्त्यांचा, म्हणजे अक्षरांच्या वरखालचे ठिपके न देता.

करीमुल्ला हसले. "नुक्ते कावून दिले न्हाईस बे? कसं वाचू? खबीस का हबीब?"

मी मौलवींकडं पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, हा लिखाणातला जिनास. कानाला न्हाई, डोळ्याला. दोन्ही शब्दांचा सांगाडा एकच. पहिल्या अन् शेवटच्या अक्षराच्या डोक्यावर नुक्ते चढले की खबीस, दुष्ट. डोकी मोकळी राहिली अन् सगळे नुक्ते खाली बसले, की हबीब. जिवलग."

मग त्यांनी बोटाच्या टोकानं नुक्ते ठेवायला सुरुवात केली. शब्दाच्या खाली एक. मग दोन. मग पुन्हा एक.

करीमुल्ला हात पसरून तसेच थांबले होते. वरचे नुक्ते येतात का ते बघत होते. मौलवींनी बोट उचललं आणि परत टेकवलं नाही. मग करीमुल्लांनी हळूच मूठ मिटली.