अस्तंगत शुक्राखाली झालेल्या लग्नांची वैधता

लग्न वेळेवर होणं हा निव्वळ अपघात असतो. ते उशिरा होणं मात्र नेहमी शास्त्रशुद्ध असतं. तेविसाव्या वर्षी लग्न झालेल्या माणसाला आपलं लग्न का झालं हे सांगता येत नाही. सदतिसाव्या वर्षीही न झालेल्याला ते का झालं नाही हे अंश-कलांसकट सांगता येतं. (त्याला येत नसेल तर त्याच्या आईला येतं.)

लिफ्टवाला या दुसऱ्या वर्गात मोडत होता. शहरातल्या जुन्या-नव्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. दिवसभर गच्चीवरच्या मशीनरूममध्ये तारांना ग्रीस लावायचं, ब्रेक तपासायचे आणि अडकलेल्या लोकांना दाराच्या फटीतून "घाबरू नका, आलोच" असं सांगायचं. माणूस सरळ, निर्व्यसनी, बोलण्यात अंमळ मंद. स्थळं येत आणि जात. आईने आधी त्याच्या उंचीला दोष दिला, मग पगाराला, मग नखांतल्या ग्रीसला. हे सगळे दोष फारच साधे निघाल्यामुळे शेवटी ती जन्मवेळ घेऊन ज्योतिषीबुवांकडे गेली.

ज्योतिषीबुवांचं कार्यालय एका दातांच्या दवाखान्याच्या वर होतं. खालून ड्रिलचा आवाज येई, त्यामुळे वर बसलेला माणूस कुठलीही वाईट बातमी ऐकायला मनाने तयार असे. बुवांनी कुंडली कॉम्प्युटरवर मांडली, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सापडला."

"कोण?" आईने विचारलं.

"सापडला म्हणजे, दिसत नाही. सिंहेत रवी चौदा अंशांवर आणि शुक्र सोळांवर. दोन अंशांचं अंतर. शुक्र रवीच्या दहा अंशांच्या आत आला की अस्तंगत. हा मार्गी आहे; वक्री शुक्राला आठ अंशांपर्यंत सवलत असते, पण दोन अंशांवर तोही सुटला नसता. सूर्याच्या तेजात बायकोचा कारक पार झाकून गेलाय, वहिनी. आहे, पण नाही."

"आणि?" आई म्हणाली. एवढ्यावर भागणार नाही हे तिला अनुभवाने माहीत होतं.

"आणि वृश्चिकेत शनी. शनी आपल्या घरापासून तिसरं, सातवं आणि दहावं घर बघतो. वृश्चिकेपासून दहावी कोण? सिंह. म्हणजे आधीच झाकलेल्या शुक्राकडे तो डोळे वटारून बसलाय. पण घाबरू नका. शनी नाही म्हणत नाही. तो फक्त 'नंतर या' म्हणतो."

लिफ्टवाल्याला हे आईकडून कळलं आणि पटलं. सरकारी कचेरीतून लिफ्टचा परवाना काढताना त्याला शनीचा चांगला परिचय झाला होता.

उपाय ठरले. शुक्रासाठी शुक्रवारचा उपवास, पांढरे कपडे, तांदूळ-साखर-दह्याचं दान, अंगाला अत्तर, शुक्राचा सोळा हजार जप आणि हिरा. हिरा झेपत नसेल तर चांदीत ओपल. शनीसाठी शनिवारी तेल, काळे तीळ, उडीद आणि लोखंडाचं दान, कावळ्यांना घास, आणि म्हाताऱ्यांशी व कष्टकऱ्यांशी गोड बोलणं. नीलम मात्र घालायचा नाही. नीलम मानवला नाही तर माणूस आहे तेही घालवून बसतो.

लिफ्टवाल्याने सगळं मनापासून केलं. शुक्रवारी तो पांढराशुभ्र होऊन मशीनरूममध्ये शिरे आणि संध्याकाळी शनीच्या रंगात बाहेर येई. अत्तरामुळे अडकलेल्या लोकांना लिफ्टमध्ये तो येण्याआधीच दिलासा मिळू लागला. शनिवारी लोखंड आणि तेल द्यायचं, तर सोमवार ते शुक्रवार तो तेच करत होता. बुवांनी विचार करून सांगितलं की पगार घेऊन केलेलं दान धरता येत नाही.

वर्ष गेलं. स्थळांची संख्या घटली, कारण शुक्रवारी उपवास, शनिवारी दान आणि उरलेल्या दिवशी संध्याकाळी जप, त्यामुळे मुलगी बघायला वेळच राहिला नाही. उपाय लागू पडत असल्याचं हे लक्षण होतं, असं बुवा म्हणाले; आधी नकार येत, आता तेही येत नव्हते.

याच सुमारास आईच्या डोक्यात एक किडा वळवळला. लिफ्टवाल्याचा वर्गमित्र बेकरीवाला त्याच इस्पितळात, त्याच आठवड्यात जन्मला होता. दोन्ही आया शेजारच्या खाटांवर होत्या. बेकरीवाल्याचं लग्न चोविसाव्या वर्षी झालं होतं आणि त्याला तीन मुलं होती.

"मग त्याचा शुक्र काय सुटीवर होता?" आईने बुवांना विचारलं.

बुवांनी गणित केलं. रवी-शुक्राचं अंतर जन्मस्थळावर अवलंबून नसतं आणि दिवसाला जेमतेम पाव अंशाने बदलतं. तेव्हा जगात त्या दोन-अडीच महिन्यांत जे कोणी जन्मले, त्या सगळ्यांचाच शुक्र अस्तंगत. दुसरा कुणी ज्योतिषी असता तर लग्नरास, नवांश, सप्तमेश असं काहीतरी पुढे करून सुटला असता. पण बुवा तत्त्वाचे पक्के. त्यांनी आकडे पुन्हा एकदा तपासले आणि ते म्हणाले, "गणित चुकत नाही. तेव्हा त्याचं लग्न झालेलं नसणार. एकदा खात्री करून या."

आई खात्री करायला गेली. बेकरीवाल्याची बायको पोरांच्या वह्यांना कव्हरं घालत होती.

"राग मानू नकोस," आई म्हणाली, "पण तुझं लग्न झालंय ना नक्की?"

कुणीही रागावलं असतं. बेकरीवाल्याची बायको कात्री खाली ठेवून विचारात पडली. नवरा पहाटे तीनला भट्टीवर जातो. दुपारी झोपतो. संध्याकाळी जागा असतो तेव्हा मैद्याच्या भावाबद्दल बोलतो. मागच्या खेपेला त्याने तिला नावाने हाक मारली होती ती रेशनकार्डावर नाव लिहिताना, स्पेलिंग विचारायला.

"आता तुम्ही म्हणताय," ती सावकाश म्हणाली, "तर मला काही खात्रीने सांगता यायचं नाही."

त्या शुक्रवारी बेकरी बंद राहिली. गल्लीत पाव मिळाला नाही, म्हणून लोकांनी चौकशी केली, आणि चौकशी केलेल्यांपैकी चौघे त्याच वर्षीच्या त्याच मोसमात जन्मलेले निघाले. सगळे विवाहित. प्रत्येकाच्या घरी जाऊन आईने तोच प्रश्न विचारला. एकाही घरातून ठाम उत्तर आलं नाही. (एका घरातून आलं, पण नवरा म्हणाला "हो" आणि बायको म्हणाली "केव्हा?")

अशा रीतीने अस्तंगत शुक्र मंडळाची स्थापना झाली. दर शुक्रवारी संध्याकाळी बेकरीच्या थंड भट्टीशेजारी सभा भरे. सभासद पांढऱ्या कपड्यांत येत, जप करत आणि नंतर आपापल्या घरी, लग्न व्हायचंच आहे अशा समजुतीने, बायकोला बघायला जात. बेकरीवाला आपल्याच दारावर टकटक करून बाहेर उभा राही. बायको साडी बदलून चहा आणी. तो विचारी, "आपल्याला वाचनाची आवड आहे का?" आणि त्याला तेरा वर्षांत प्रथमच कळलं की आहे. लोकांची घरं सुधारली. मंडळाची वर्गणी न मागता येऊ लागली. लिफ्टवाला तहहयात अध्यक्ष झाला, कारण सगळ्यांत खरा अविवाहित तोच होता. बाकीच्यांचा सिद्धांत, त्याचा पुरावा.

आणि नेमकं त्याचं लग्न ठरलं.

बाजारात बेअरिंगचं एक दुकान होतं. ते चालवणाऱ्या बाईकडे लिफ्टवाला आठ वर्षं माल घ्यायला जात होता. एका बुधवारी तिने बेअरिंग कागदात गुंडाळता गुंडाळता विचारलं, "मागच्याच आठवड्यात हेच नेलंत. इतक्या लिफ्ट बिघडतात?"

"नाही," लिफ्टवाला म्हणाला. "घरी सोळा पडलेत."

"मग येता कशाला?"

त्याने फडक्याने हात पुसले. शेवटी म्हणाला, "तुम्ही असता म्हणून."

"हे आठ वर्षांपूर्वी बोलायला काय झालं होतं?"

"शुक्र अस्तंगत होता."

"आणि आता?"

"आताही आहे. जन्माचाच आहे. पण आता बोलून गेलो."

तिने बेअरिंग परत कपाटात ठेवलं आणि हो म्हटलं.

आई आनंदाने मुहूर्त काढायला गेली. बुवांनी पंचांग उघडलं आणि मिटलं. सध्या आकाशातला शुक्रही अस्तात होता. हा जन्माच्या अस्ताहून वेगळा, सगळ्यांना सामायिक. शुक्र उगवेपर्यंत दोनेक महिने कुणाचंच लग्न लावता येत नाही. बेअरिंगवालीने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "नोंदणी कार्यालयातल्या साहेबांना हे माहीत आहे का?" त्यांना माहीत नव्हतं. अर्ज दिला गेला.

खरी अडचण मंडळात आली. अर्जाची बातमी कळताच बेकरीवाला मशीनरूमचे सगळे जिने चढून आला. (लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद होती.)

"तू लग्न करू नकोस," तो धापा टाकत म्हणाला.

"का रे?"

"तुझं होऊ शकतं म्हणजे अस्तंगत शुक्रवाल्याचं लग्न होतं. मग माझंही झालेलं आहे. तेरा वर्षांपूर्वीच झालंय. मी आज घरी जाऊन टकटक कशाला करायची? ती साडी कशाला बदलेल?" त्याचे डोळे भरून आले. "परवा ती मला माझं नाव विचारत होती रे. हसत होती."

लिफ्टवाला तारेला धरून उभा राहिला. त्या रात्री त्याला आयुष्यात पहिल्यांदा झोप लागली नाही. एका बाजूला आठ वर्षांच्या ओळखीची बाई, दुसऱ्या बाजूला पाच सुखी संसार. बेअरिंगवालीला त्याने सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्या मित्राला दार वाजवायला शुक्राची परवानगी लागते का?" लिफ्टवाल्याने हे बेकरीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "लागते. नाहीतर लाज वाटते."

शेवटी प्रकरण बुवांकडे गेलं आणि बुवांनी ते एका वाक्यात निकालात काढलं. अस्तंगत शुक्राखालचं कुठलंच लग्न झालेलं नसतं, तेव्हा लिफ्टवाल्यानेही खुशाल करावं. तेही झालेलं नसेल. सिद्धांताला बाध नाही. मंडळाने ठराव एकमताने मंजूर केला.

लग्न नोंदणी कार्यालयात झालं. साहेबांनी शिक्का मारला, दोघांनी सह्या केल्या, न झालेल्या लग्नाचे पेढे वाटता येईनात, म्हणून आईने नाइलाजाने बेकरीची बिस्किटं वाटली. पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी लिफ्टवाला पांढऱ्या कपड्यांत आपल्याच घराबाहेर उभा राहिला आणि त्याने दार वाजवलं. बेअरिंगवालीने दार उघडलं.

"कोण हवंय?"

"मुलगी बघायला आलोय."

"बघा," ती म्हणाली आणि बाजूला झाली. तो आत गेला. त्या घरात अजूनही दर शुक्रवारी हेच होतं आणि दोघांची त्याबद्दल काही तक्रार नाही.

आता वाचकांविषयी. शुक्र साधारणपणे सातांतल्या एका माणसाचा अस्तंगत असतो. शनी स्वतः बसतो ते घर आणि बघतो ती तीन, अशी बारांतली चार घरं धरली तर एक तृतीयांश शुक्र त्याच्या तावडीत. दोन्ही हिशेब एकत्र केले की सातांतल्या तिघांचं लग्न उशिरा होतं, किंवा वेळेवर होऊनही झालेलं नसतं. तेव्हा आपली पत्रिका एकदा काढून पाहावी. विवाहितांनी आधी पाहावी. दोष निघालाच तर उत्तम. उपाय वर दिले आहेत. पण शुक्र लख्ख निघाला, शनीही पाठमोरा निघाला, आणि तरीही घरात दोघं दोन मोबाईल घेऊन दोन खोल्यांत बसत असाल, तर मात्र कारण आकाशात शोधू नये. ते बहुतेक शेजारच्या खोलीच्या अलीकडेच, आपल्याच खुर्चीत बसलेलं असेल.