भिकनभाऊ गेम टाकत नाहीत

पिंप्राळ्यात माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि त्याला लागून भिकनभाऊंचं मोबाइलचं. त्यांच्याकडे पहिल्यांदा येणारा माणूस हमखास बुचकळ्यात पडतो. "लॉक उघडा," असं म्हणून भिकनभाऊ एकदम भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. हात मागे बांधलेले, मान खाली. एका बाईंनी तर मला येऊन विचारलं होतं, "नाना, ह्यांना काही दुखतं का?"

दुखत काही नव्हतं. लोकांनी पासवर्ड निवांत टाकावा, आपली नजर चुकूनही पडू नये, एवढाच हेतू. "दुसऱ्यानं घर शे ते, नाना," ते मला सांगत. "आपन दार दुरुस्त करानं. आतमा काबर डोकावानं?" स्क्रीन बदलली की फोन उपडा ठेवून द्यायचा. गॅलरी उघडायची नाही, मेसेज वाचायचे नाहीत. एखाद्याने हौसेने लग्नाचे फोटो दाखवले तरी हे डोळे मिटून "छान, छान" म्हणत. असला माणूस धंदा काय करणार? मी तोंडावर सांगून पाहिलं. त्यांनी माझी मशीन फार धूळ खाते म्हणून मलाच सुनावलं.

मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारलं की "रेंज नव्हती" म्हणून मोकळे.

तर समोरच्या गाळ्यात चेतन नावाच्या पोराने मोबाइलचंच दुकान टाकलं आणि भिकनभाऊंचे दिवस फिरले. चेतन काचेचं स्क्रीन गार्ड लावून द्यायचा आणि सोबत गेम फुकट टाकायचा. साधे नाहीत, "सगळं उघडलेले". आता हे मला भिकनभाऊंनीच समजावलं. गेम बनवणारी कंपनी पहिली गाडी फुकट देते, पुढच्या गाड्या एकतर खेळून मिळवा नाहीतर विकत घ्या. कोणीतरी त्या गेमची फाइल फोडतो, कुलपं काढतो, पुन्हा बांधतो आणि नेटवर सोडतो. तसली फाइल दुकानदार पेनड्राइव्हमध्ये ठेवतो. फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन बाहेरची फाइल चालवायची परवानगी द्यायची, फोनची राखण करणारी तपासणी बंद करायची, की झालं काम. चहा येईपर्यंत गिऱ्हाईक खूश.

रांग तिकडे गेली. भिकनभाऊ दिवसभर मोकळ्या काउंटरवर फडका फिरवत बसू लागले. शेवटी एका दुपारी त्यांनीही पेनड्राइव्ह आणला. मी म्हटलं, चला, सुधारला माणूस!

आधी स्वतःच्या जुन्या फोनवर एक गेम टाकून पाहिला. ट्रक चालवायचा गेम. तो सुरू होण्याआधीच परवानग्या मागत सुटला. मेसेज वाचू का, पाठवू का, नावं-नंबर बघू का, दुसऱ्या ॲपच्या वर येऊ का. भिकनभाऊ चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

"नाना, ट्रकवाल्याले मेसेज कसाले लागतंस?"

"सगळेच टाकतात हो."

"फाइल फोडी का कंपनीनी सही तुटी जास. मंग अस्सल अपडेट त्यावर बसतंच नही. आत काय कोंबेल शे, कोनले ठाऊक? आन ज्यानी गेम बनाडा, त्यानी काय पाप करं?"

तरीही पेनड्राइव्ह काही दिवस काउंटरच्या खणात राहिला. खण उघडायचे, बघायचे, बंद करायचे. मला तर त्यांची कीव येत होती. दुकान चालत नव्हतं आणि दुसरं त्यांच्याजवळ काही नव्हतं.

त्यातच आबा आले. डाळ मिलमधून निवृत्त झालेले, आमच्याच कॉलनीतले, भिकनभाऊंचे सर्वांत जुने गिऱ्हाईक. त्यांची बायको, अक्का, वारल्यापासून घरात एकटे. सुरतेहून नात सुटीला आली होती आणि आजोबांजवळ बसायला तयार नव्हती.

"तिले तो ट्रकना गेम टाकी दे, भिकन. बठ्ठा ट्रक उघडा पाहिजेत. मंग बसी मनाजवळ."

भिकनभाऊंनी खण उघडला. पेनड्राइव्ह हातात घेतला. मी माझ्या दुकानातून बघत होतो आणि मनात म्हणत होतो, टाका हो एकदाचं! पण त्यांनी तो परत ठेवला. "आबा, अस्सल गेम टाकी देस. खेळता खेळता ट्रक उघडतीन."

"तिले आज पाहिजेत."

"नही जमाव, आबा."

आबांनी फोन उचलला आणि रस्ता ओलांडून समोर गेले. भिकनभाऊ ते जाताना बघत राहिले, पण हाक मारली नाही.

नात खेळली. आजोबांच्या मांडीला टेकून बसली, हे आबा स्वतः येऊन सांगून गेले, जरा खिजवल्यासारखंच. नात सुरतेला परत गेली आणि फोनला भूतबाधा झाली. उघडला की पडदाभर जाहिराती. आबांच्या ओळखीतल्या सगळ्यांना त्यांच्या नावाने भलत्याच लिंक जायला लागल्या. जामनेरच्या व्याह्यांनी तर फोन करून झापलं. आबा चेतनकडे गेले. चेतनने काही न विचारता फोन पार फॉरमॅट करून हातात दिला. "एकदम नवा झाला, आबा."

दुसऱ्या दिवशी आबा भिकनभाऊंच्या काउंटरसमोर उभे होते. "अक्काना आवाज कोठे गया?"

तेव्हा मला कळलं. हा फोन घेतला तेव्हा भिकनभाऊंनीच त्यात कॉल आपोआप रेकॉर्ड व्हायची सोय चालू करून दिली होती. आबांना कमी ऐकू येई, सामान काय सांगितलं ते विसरत, म्हणून. अक्का गेल्या, पण त्यांचं बोलणं राहिलं. मिरच्या आणा, छत्री विसरलात, कुठे बसलात. आबा रोज जेवताना ते लावून बसत.

नावं-नंबर फोनच्या ऑनलाइन खात्यातून परत आले. आवाज आले नाहीत. ते फोनच्या आतल्या मेमरीत होते, मेमरी कार्डावर नव्हते. भिकनभाऊंनी तरीही फोन लॅपटॉपला जोडला, दिवसभर धडपडले. शेवटी हात टेकले. आतलं सगळं किल्ली लावून ठेवलेलं असतं, फॉरमॅटमध्ये ती किल्लीच पुसली जाते, हे त्यांना आधीपासून माहीत होतं.

"तू टाकी देता तर मी तठे काबर जातू?" आबा म्हणाले. आवाज चढवला नाही. फोन घेऊन निघून गेले.

मी समजूत घालायला गेलो. तुमचं काय चुकलं, तुम्ही तर नाहीच म्हणालात ना. भिकनभाऊ माझ्यावर भडकले, पहिल्यांदाच.

"नही म्हनं ते बरोबर शे, नाना! पन माले ठाऊक व्हतं ना, त्यामा आवाज शेतंस. आबा तिकडे जाई ऱ्हायना, हाई बी दिसत व्हतं. एक कार्ड टाकीसन आवाज उतारी लेवाना व्हता, मंग जाऊ देवानं. मी नही करं. दुसऱ्यानं घर म्हनीसन गुमान बसनू. कसानी लाज धरी मी?"

आणि हा माणूस माझ्यादेखत रडला. मला फार वाईट वाटलं.

पेनड्राइव्ह त्यांनी पकडीने मोडून टाकला. गेम ते अजूनही टाकत नाहीत. पण आता कोणी मागायला आलं की त्याला बसवतात, "आत जपासारखं काय शे?" असं विचारतात, ते कार्डावर उतरवून हातात देतात आणि मग म्हणतात, "आते जा समोर." लोक हसतात, कार्ड खिशात घालतात आणि खरंच समोर जातात. दुकान या महिन्याअखेर बंद होणार आहे. गाळाही चेतनच घेतोय.

काल संध्याकाळी मी शटर ओढत होतो, तर भिकनभाऊ कानाला फोन लावून उभे. बराच वेळ. बोलत काहीच नव्हते.

"कोणाला लावताय?"

"आबाले. रोज लावस."

"उचलतात का?"

"नही." त्यांनी फोन खाली घेतला. "पन रिंग पुरी गयी, नाना. म्हंजे आबानी फोन चार्जिंगले लायेल व्हता."