कवितेतला नवरा

कविता कुठलीही आणा, ती सरांपुढे टिकायची नाही! दोन कडव्यांत तिचा जीव घशाशी येतो, तिसऱ्यात ती आपण होऊन सगळा अर्थ सांगून टाकते. असं आम्ही नाही, सर स्वतःच सांगत असत, न विचारता, भाजीवाल्यालासुद्धा. मुलांनी त्यांचं नाव 'गहनसर' ठेवलं होतं, कारण सरांना सगळंच गहन वाटे. पाटीवर 'लिफ्ट बंद आहे' असं लिहिलेलं दिसलं, तरी ते क्षणभर थांबून मान डोलवायचे.

त्या दिवशी मात्र प्रकरण साधं नव्हतं. पुढच्या वर्षीच्या साहित्याच्या सगळ्या तुकड्या कुणाला द्यायच्या, ते ठरायचं होतं. सरांना, की रंगीत स्लाइडा दाखवणाऱ्या त्या नव्या पोराला? क्लासच्या मालकीणबाईंनी सरळ सांगितलं होतं, "सर, संध्याकाळी ऑनलाइन खुला तास घ्या. पालकही बसतील. मुलांनी अपलोड केलेली एक कविता तुम्ही आयत्या वेळी उलगडून दाखवायची. पालकांना पटलं तर तुकड्या तुमच्या."

"आयत्या वेळी?" सर हसले. "बाई, मी झोपेतसुद्धा सांगीन!"

त्यांच्या झोपेबद्दल बोलायचं तर ती घरात सर्वांना ठाऊक होती. दुपारी जेवण झालं की सर जे आडवे होत, ते पाच वाजेपर्यंत. त्या दिवशीही पाचला उठून "चहा?" असं विचारून, तो पिऊन, धुतलेला शर्ट घालून ते सहाला लॅपटॉपपुढे बसले. खाली लेंगाच होता, पण तो कॅमेऱ्यात दिसत नव्हता.

"अगं, तासभर आवाज नको हं!" त्यांनी स्वयंपाकघराकडे पाहून बजावलं.

"मी कुठे आवाज करते?" आतून बायको म्हणाली. "नळ करतो. चार महिने सांगतेय."

"उद्या बघू!"

पडद्यावर मुलं, मुलांच्या मागे पालक, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत हाताची घडी घातलेल्या मालकीणबाई. कविता अपलोड केली होती सरांच्या बायकोच्या भाचीनं. पोरगी अकरावीतली, घरी 'काका' म्हणणारी आणि तासाला मोठ्या साळसूदपणे 'सर' म्हणणारी. कवीचं नाव दिलेलं नव्हतं. सरांनी घसा खाकरून वाचायला सुरुवात केली.

तू पडून आहेस.
अंगावर पांढरी चादर,
उशाशी चष्मा, घडी घातलेला.
मी हाक मारते. परत मारते.
तू हलत नाहीस.
लोक म्हणतात, किती शांत माणूस!
मी हो म्हणते.
नळ तेवढा टपटपतो आहे,
सगळ्या घरात तोच माझ्याशी बोलतो.
पाच वाजले की तू उठशील,
चहा विचारशील.

पाचव्या ओळीलाच सरांनी चष्मा काढला होता. शेवटी तो पुसला.

"मुलांनो," ते जड आवाजात म्हणाले, "या कवितेतला नवरा गेलेला आहे."

पडद्यावर एका आजीनं पदर डोळ्यांना लावला.

मग सरांची गाडी जी सुटली! "आधी विषय आणि आशय यांत गल्लत करू नका. विषय म्हणजे कविता कशाबद्दल आहे. इथे नवरा-बायको. आशय म्हणजे त्याबद्दल कविता काय म्हणते. इथे मरणानंतर उरलेलं एकटेपण! आणि प्रत्येक विधानाला कवितेतली ओळ पुरावा म्हणून दाखवता आली पाहिजे, नाहीतर त्या नुसत्या गप्पा. पुरावा एक, पांढरी चादर. दोन, घडी घातलेला चष्मा. तो आता कुणालाच लागणार नाही! तीन, लोक येऊन गुणगान करताहेत. माणूस जिवंत असताना कोण कुणाचं चांगलं बोलतं?"

पालकांनी माना हलवल्या. हे मात्र सगळ्यांना पटलं.

"आता प्रतिमा. डोळ्यांना दिसणारी चादर, कानांना ऐकू येणारा नळ. कवयित्री 'मला फार एकटं वाटतं' असं म्हणत नाही, ती नळ ऐकवते. हा नळ म्हणजे काळ! थेंब थेंब गळणारं आयुष्य! नळाला नुसता नळ समजेल तो करंटा!"

आत भांडं जरा जोरात आपटल्याचा आवाज आला.

"आणि सूर? सूर म्हणजे बोलणाऱ्याचा त्या गोष्टीकडे बघण्याचा भाव. तो शब्दांच्या निवडीतून आणि वाक्यांच्या लांबीतून ओळखायचा. इथली वाक्यं कशी आहेत? तुटक. हुंदका आल्यासारखी. शोकाचा सूर!"

भाचीनं हात वर केला. "सर, पण गेलेला माणूस पाच वाजता उठून चहा कसा मागेल?"

सर एक क्षण अडखळले. एकच क्षण हं! "तो भास आहे, बाळ. तिचं मन मानायला तयार नाही. तिला वाटतं, हा उठेल."

"आणि ती त्याला 'तू' म्हणते ते?"

"त्यातच तर सगळं आलं! जिवंतपणी 'अहो' म्हणत असेल. आता तो देवाघरचा झाला. देवाला आपण 'तू'च म्हणतो ना?"

मालकीणबाईंनी हाताची घडी सोडली. एक बाप पडद्याबाहेर जाऊन नाक शिंकरून आला. तुकड्या खिशात पडल्यातच जमा! इथे सर थांबते तर ही गोष्ट आम्हाला लिहावीच लागली नसती. पण जिंकत आलेला माणूस थांबतो होय?

"मुलांनो, सूर कळला की नाही याची परीक्षा घेऊ. त्या दुर्दैवी बाईला प्रत्येकानं सांत्वनाच्या दोन ओळी लिहा. पालकांनीसुद्धा! तिच्यापर्यंत पोचवता येतील का गं?"

"हो सर! मी नंबर टाकते," असं म्हणून भाचीनं चटकन मान खाली घातली. सरांना वाटलं, पोरीला रडू आवरत नाही.

सगळे लिहायला लागले. जरा वेळानं स्वयंपाकघरात मोबाइल वाजला, टिंग. मग टिंग टिंग. मग असा वाजत सुटला, की नळही ऐकू येईना!

"अगं, तो फोन बंद कर!" सर कॅमेऱ्यावरून मान वळवून ओरडले. "इथे एक बाई विधवा झाली आहे आणि तुझं काय चाललंय!"

बायको फोन हातात घेऊन बाहेर आली. सरळ सरांच्या खुर्चीमागे, म्हणजे सरळ कॅमेऱ्यात.

"अहो," ती अगदी शांतपणे म्हणाली, "तुम्ही गेलात म्हणे."

"कुठे गेलो?"

"कल्पना नाही. पण सगळे मला धीर धरा म्हणताहेत." ती वाचू लागली. "'काकू, ते कुठेही असले तरी तुमच्याकडे बघत असतील.' यांना सांगायला हवं, की कोचावर असले तरी बघत नाहीत! आणि ह्या कोण? 'ताई, स्वतःला कामात गुंतवून घ्या. काही लागलं तर क्लासच्या ऑफिसात या.'"

कोपऱ्यातल्या चौकटीत मालकीणबाई लालबुंद झाल्या.

सर पडद्याकडे बघू लागले. पांढरी चादर. ती तर समोर कोचावर तशीच पडली होती. उशाशी चष्मा. तो रोज तेच घडी घालून ठेवत. पाच वाजता चहा. हळूहळू एकेक पुरावा सरांच्या अंगावर चालून येऊ लागला.

"ही... ही कविता तू लिहिलीस?"

"हो. भाचीला म्हटलं, टाक अपलोड करून. बघू तुझ्या सरांना कळतेय का."

"पण तू तर मला 'अहो' म्हणतेस!"

"कवितेत तरी मला 'तू' म्हणू द्या की!"

पडद्यावर कुणीतरी फस्सकन हसलं. ती मघाची आजीच होती. सरांनी शेवटचा उपाय काढला. ताठ बसून ते म्हणाले, "मुलांनो, एक मूलभूत नियम लक्षात ठेवा. कवितेत बोलणारी व्यक्ती आणि कवी हे एकच असतात असं कधीही धरून चालायचं नाही!"

"खरंय," बायको म्हणाली. "ती बाई वेगळीच आहे. ती अजून हाक मारते. मी आताशा मारत नाही."

हे ऐकून कुणी हसलं नाही. नळ टपटपत होता, आणि चार महिन्यांत सरांना तो पहिल्यांदा ऐकू आला. त्यांना फार वाईट वाटलं. तुकड्या जाणार हे तर दिसतच होतं, पण त्याचं नव्हे. इतक्या कवितांमध्ये कान लावून बसलेल्या आपल्याला घरातली एक हाक ऐकू येऊ नये, याचं.

त्यांनी कविता पुन्हा वाचली. हळू. मग म्हणाले, "मुलांनो, मी चुकलो. पहिल्या पाच ओळींत मी अर्थ ठरवून टाकला आणि शेवटच्या दोन ओळी ओढूनताणून त्यात बसवल्या. आशय सगळ्या ओळींवर उभा राहिला पाहिजे, एक जरी ओळ नडली तरी आपलाच अर्थ तपासायचा. इथे शेवटी वळण आहे. पाच वाजता तो उठतो, चहा मागतो. म्हणजे माणूस धडधाकट आहे! आणि हे कळल्यावर वरच्या ओळींचा सूर बदलतो. 'लोक म्हणतात, किती शांत माणूस! मी हो म्हणते.' हे कौतुक नव्हे, चिमटा आहे. दोन हाका वाया गेल्यावरचा 'हो' आहे तो. सूर शोकाचा नाही, मिस्कील आहे. दुःख आहे, पण ते चिमट्याच्या आत लपलेलं."

"आणि नळ, सर?" भाचीनं विचारलं. "काळ?"

सरांनी बायकोकडे पाहिलं. "आधी नळ. खराखुरा, गळका. म्हणून तर तो मनाला लागतो. नवरा बोलत नाही तिथे नळ बोलतो, हा अर्थ त्यानंतरचा."

"आता बरोबर," बायको म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसल्यासारखं करून आत गेली.

मालकीणबाईंनी माइक सुरू केला. "सर, तुकड्या तुमच्याच. चुकल्यावर पुन्हा कसं वाचायचं, हे दाखवणारा मास्तर पालकांना हवाच होता. फक्त पुढच्या वेळी कुणाला मारण्याआधी कविता शेवटपर्यंत वाचा!"

तास संपताच सर ताडकन उठले. लेंग्यातच. पाना शोधला, सिंकखाली शिरले. "अहो, प्लंबरला बोलवा!" "अगं, आज मी!" असा संवाद झाला, पाना फिरला, काहीतरी 'टक' झालं, आणि त्यानंतरचा आवाज टपटप नव्हता.

दुसऱ्या दिवशी तासाला भाचीनं नवी कविता अपलोड केली. सरांनी ती आधी मनात शेवटपर्यंत वाचली, मग मोठ्यानं.

नळ आता टपटपत नाही,
धो धो बोलतो.
तू उठलास.
तेवढंच चुकलं.

"सर," पडद्यावरच्या एका मुलानं भीत भीत विचारलं, "हीसुद्धा कुणी गेल्यावर लिहिलेली कविता आहे का?"

"नाही," घोटाभर पाण्यातले पाय खुर्चीवर घेत सर म्हणाले. "प्लंबर अजून न आल्यामुळे लिहिलेली."