तुळशीदासांची तंबाखू

तुळशीदासांच्या बायकोला, सखुबाईंना, प्लेगच्या डोलीत घालायला माणसं आली ती तुळशीदासांच्याच तोंडून निघालेल्या एका शब्दामुळे. तो शब्द रोजच्या जेवणातला होता. एवढा साधा शब्द नीट बोलता येऊ नये, याचा राग सखुबाईंना आला तो योग्यच होता, आणि त्या वेळी चाळीत जे जे हजर होते त्या सगळ्यांना आपापल्या परीनं तो आला.

१८९७चं साल. गिरगावातली निम्मी बिऱ्हाडं गावी पळाली होती. उरलेल्यांच्या दारांवर तपासणीची टोळी थाप मारत फिरायची. ज्याला ताप त्याला इस्पितळात न्यायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, घरावरची कौलं उतरवून आत ऊन पाडायचे आणि दारावर लाल वर्तुळ काढायचे. त्यामुळे ताप हा शब्द लोक घरातल्या घरातसुद्धा दबक्या आवाजात बोलत.

तुळशीदास हे बंदरावरच्या एका गुदामातले कारकून. स्वभावानं तापट होतेच, पण गेले आठ दिवस त्यांच्याशी बोलायची सोय उरली नव्हती. एरवी जेवणानंतर चिमूटभर तंबाखू घेणारा हा माणूस आठ दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत गालात गोळा धरून बसे, चैत्राच्या उकाड्यात गळ्याभोवती उपरणं गुंडाळी, आणि दिवसातून चार वेळा बायकोला म्हणे, "तू अलिबागला भावाकडे जा." सखुबाई म्हणत, तुम्ही चला तर मी येते. त्यावर ते खेकसत, की मला नोकरी आहे. आपला नवऱ्याला वीट आला आहे, अशी सखुबाईंची हळूहळू खात्री होत चालली होती.

त्या दिवशी सकाळी सखुबाई आत लोणी काढत होत्या आणि तुळशीदास गॅलरीत उभे होते. खालच्या मजल्यावरची दमयंती भांडं घेऊन अंगणात आली. सखुबाईंचं ताक अर्ध्या चाळीला जायचं. पण चांगल्या घरची बाई एकदम ताक मागत नाही. आधी प्रकृती विचारते, मग इकडचं तिकडचं बोलते, मग घरातूनच कुणीतरी म्हणतं, की भांडं आणलंय तर ताक घेऊन जा. दमयंतीनंही वर पाहून रीतीप्रमाणे विचारलं, "वहिनी आज दिसल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

तुळशीदासांना हातातलं भांडं दिसत होतं आणि रीतीला द्यायला वेळ नव्हता. त्यांनी एकदम मुद्द्याचं उत्तर दिलं, "ताक आहे."

आता क म्हणताना जीभ मागे टाळूला लागते आणि ओठ उघडे राहतात. प म्हणताना ओठ मिटतात. दोन्ही अक्षरांत एवढाच काय तो फरक, आणि तो शब्दाच्या शेवटी आला की आणखी पुसट होतो. तुळशीदासांच्या गालात तंबाखूचा रस साचला होता. तो सदऱ्यावर ओघळू नये म्हणून प्रत्येक शब्द संपता संपता ते ओठ गच्च मिटत, घोट सावरत, आणि मग पुढचा शब्द बोलत. त्यामुळे जीभ कितीही इमानानं क करत असली तरी अंगणात पोचायचा तो प.

दमयंती एक पाऊल मागे सरली. "कधीपासून?" तिनं विचारलं.

हा प्रश्न तुळशीदासांना मूर्खपणाचा वाटला. "कधीपासून म्हणजे? सकाळपासून. भरपूर आहे."

"आणि माडीवर आणखी कुणाकडे?"

"सगळ्यांकडे आहे. तूच तेवढी राहिलीस. वर ये आणि घेऊन जा."

पुन्हा एकदा विचारलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तुळशीदासांना एखादी गोष्ट दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे शिव्या खायची तयारी ठेवणं. गेल्याच आठवड्यात किती वाजले म्हणून दोनदा विचारलं, तर त्यांनी दमयंतीच्या नवऱ्याला, चंदूला, बहिरा म्हटलं होतं. दमयंती भांडं तिथंच टाकून घरात गेली. चंदूनं सगळं ऐकलं, ट्रंक बाहेर ओढली, आणि ट्रंकेत धोतरं भरता भरता तुळशीदासांना नावं ठेवली. बायकोला ताप असताना हा माणूस कुत्सितपणे थट्टा करतो, असं त्याचं म्हणणं पडलं. पुढच्या घटकेत आणखी तीन ट्रंका अंगणात आल्या. माडीवरच्या लोकांना हा काय प्रकार म्हणून विचारायचं होतं, पण ते जिन्यावरून खाली आले की अंगणातली माणसं त्यांच्यापासून दूर पळत, आणि याचा माडीवरच्यांना फार राग आला.

एवढ्यात टोळीच गल्लीत आली. टोळीबरोबर दुभाष्या म्हणून पास्कल असे. तो पलीकडच्याच वाडीतला, सगळ्यांना ओळखणारा, सरळ मनाचा मनुष्य. ट्रंका पाहून त्यानं चौकशी केली आणि कळलेलं टोळीतल्या साहेब डॉक्टरला सांगितलं. दोघे जिना चढून वर आले. मागून डोलीवाले आले.

"काका, घरात काय आहे ते खाली कळलं. खरं सांगा," पास्कल म्हणाला.

तुळशीदासांनी आधी डोलीकडे पाहिलं. त्यांचा चेहरा क्षणभर उतरला, आणि मग आवाज दुप्पट चढला. "ताक आहे. त्यात लपवायचं काय? माझ्या घरात आहे, तुझ्या बापाचं काय जातं? उद्या त्यालासुद्धा सरकारची परवानगी लागेल."

इतकं उघड कबूल करणारा माणूस पास्कलला महिनाभरात भेटला नव्हता. त्यानं वहीत लिहून घेतलं. एवढ्यात सखुबाई बाहेर आल्या. तासभर रवी फिरवल्यानं तोंड लालबुंद, कपाळावर घाम, हाताला लोणी. डॉक्टरनं त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि डोलीवाल्यांना खूण केली.

"बाई, तुम्हाला ताप आहे. इस्पितळात यायला लागेल," पास्कल अवघडून म्हणाला.

"मला? कुणी सांगितलं?"

"तुमच्या यजमानांनी. दमयंतीबाईला सांगितलं, आता आम्हाला पण सांगितलं."

सखुबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. आठ दिवस हा माणूस आपल्याला घराबाहेर घालवायला बघतो आहे, हे त्यांच्या मनात होतंच. अलिबाग नाही जमलं, आता इस्पितळ. त्यांचे डोळे भरून आले, आणि ते त्यांनी रागारागानं लोण्याच्या हातानंच पुसले.

"मी ताप म्हणालोच नाही," तुळशीदास ओरडले. "मी ताप म्हणालो." दोन्ही शब्द एकसारखेच बाहेर पडले. पास्कलनं पेन्सिल थांबवली आणि नेमकं काय लिहायचं ते विचारलं. तुळशीदासांनी तोच शब्द आणखी तीनदा, दरवेळी जास्त मोठ्यानं आणि ओठ जास्त गच्च मिटून उच्चारला.

सखुबाईंना मात्र आठ दिवसांत ही नवी भाषा कळू लागली होती. "ताक म्हणतायत ते," त्या म्हणाल्या. "तंबाखू थुंका आणि नीट सांगा त्यांना."

तुळशीदासांनी नकारार्थी मान हलवली. बायकोला डोलीत घालायला माणसं उभी आहेत आणि हा गृहस्थ चिमूटभर तंबाखू सोडायला तयार नाही, हे पाहून अंगणातून वर आलेली मंडळीही संतापली. काकांना लाज वाटायला हवी, असं चंदू सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाला.

शेवटी डॉक्टरनं तापमापक काढला. सखुबाईंनी आत जाऊन, दार लावून, तो पाच मिनिटं काखेत धरला आणि आणून दिला. ताप नव्हता. डोलीवाले भिंतीला टेकले. पण नियम घरातल्या प्रत्येकाला तपासायचा होता, आणि घरात दुसरं माणूस एकच होतं. तुळशीदास मागे सरत गॅलरीच्या टोकाशी पोचले. पुढे जागा नव्हती.

तापमापकाची काच त्यांच्या काखेतून काढून डॉक्टरनं उजेडाकडे धरली. एकशे दोन. मग त्यानं गळ्याभोवतीचं उपरणं सोडवलं. जबड्याखाली सुपारीएवढी गाठ होती.

चंदूसकट सगळे जिन्याकडे सरकले. पास्कलनं वही मिटली.

"आठ दिवस झाले," तुळशीदास खाली बघत म्हणाले. "तोच ताप असणार. म्हणून हिला म्हणत होतो, भावाकडे जा."

मग सखुबाई जे बोलू लागल्या ते चाळीनं त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आठ दिवस मी रडत होते, म्हणाल्या. यांना मी नकोशी झाले म्हणून देवाला विचारत होते, माझं काय चुकलं. आणि हे एकटेच मरायची तयारी करत होते. "मला सांगायला काय झालं होतं?"

"तू गेली नसतीस."

"नसतेच गेले," सखुबाई कडाडल्या. डोलीवाले पुढे आले तशा त्या मध्ये उभ्या राहिल्या आणि पास्कलला म्हणाल्या, "साहेबांना म्हणावं, आधी तोंडात बघा. हा माणूस आठ दिवस एकाच गालानं जेवतोय. एवढी तंबाखू कशाला लागते ते विचारा."

पास्कलनं सांगितलं. डॉक्टरच्या हुकमानं तुळशीदासांनी अखेर थुंकलं आणि लगेच दोन्ही हातांनी गाल धरला. खालची शेवटची दाढ पार किडली होती, हिरडी टम्म फुगली होती. तंबाखूच्या गोळ्यानं तेवढी जागा बधिर राहायची. डॉक्टरनं हिरडीला चीर दिली, पू काढला, आणि पास्कलकरवी कळवलं, की आठ दिवसांची प्लेगची गाठ असती तर हा इसम एवढं ओरडायला शिल्लक राहिला नसता. तरी तो दुसऱ्या दिवशी पुन्हा आला. ताप उतरला होता. दाढ त्यानंच उपटली आणि दारावर वर्तुळ न काढता निघून गेला.

ट्रंका परत आत गेल्या. सखुबाई मात्र त्या दिवसापासून नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मऊ भात करून समोर ठेवत, कोमट पाणी देत, गाठ उतरली का ते बोटांनी रोज चाचपून पाहत, आणि गप्प राहत. तुळशीदासांनी चार दिवस काढले. पाचव्या दिवशी त्यांनी हार मानून अलिबागला पत्र टाकलं, की येऊन तुझ्या बहिणीची समजूत काढ.

मेव्हणा दौलत शिडाच्या पडावातून आला. त्यानं बहिणीकडून सगळी हकिकत ऐकली, तुळशीदासांकडे रागानं पाहिलं आणि बहिणीला म्हणाला, "ऊठ ताई, चल माझ्याबरोबर."

सखुबाईंनी नवऱ्याचा भात ताटात वाढला, नीट कालवला, आणि भावाला म्हणाल्या, "मी कुठं जाणार नाही. मी इथंच राहणार, आणि इथं राहूनच यांच्याशी बोलणार नाही."