साठीचं पत्र आणि मेव्हण्याची स्कूटर

शिंप्याने चंगच बांधला होता! बंब्याच्या साठीला असं पत्र लिहायचं, की हसून हसून त्याच्या शर्टाची बटणं तुटली पाहिजेत! बंब्या म्हणजे त्याचा जिवलग दोस्त. अग्निशामक दलातून नुकताच निवृत्त झाला होता आणि तेव्हापासून गप्प गप्पच असे. शिंप्याला ते बघवत नव्हतं.

दर वाढदिवसाला शिव्यांचं पत्र, ही दोघांची जुनी रीत. त्याचे नियम पक्के होते. बंब्या स्वतः ज्यावर हसतो, तिथेच चिमटा काढायचा. थाप इतकी मोठी मारायची, की शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. आणि शेवटची एकच ओळ खरी, मायेची.

"हे ऐक," तो बायकोला म्हणाला. "'टकल्या, तुझ्या डोक्याच्या उजेडात शेजारी पेपर वाचतात!'"

"अहो, टकलावर नको. हल्ली भावजी आरशासमोर उसासे टाकतात म्हणे."

खोडलं. "'तुझं घोरणं ऐकून बंब बाहेर काढतात!'"

"त्यापायीच वहिनी दुसऱ्या खोलीत झोपतात."

तेही खोडलं. "'म्हाताऱ्या'?"

"साठीच्या माणसाला?"

शिंपी विचारात पडला. चाळिशीत म्हातारा म्हटलं की विनोद होतो, साठीत ती नुसती माहिती होते! पण हार मानेल तर तो शिंपी कसला? जिथे जिथे खोडलं, तिथे तिथे त्याने कौतुकाचं ठिगळ लावलं आणि पत्र पेटीत टाकलं.

वाढदिवसाच्या सकाळी बंब्या दुकानात घुसला. तोंड पांढरंफटक!

"खरं सांग, डॉक्टर काय म्हणाले?"

"कुणाचे डॉक्टर?"

"माझे! परवा तपासण्या झाल्या. बायको म्हणते, सगळं ठीक आहे. आणि तू मला 'थोर मनाचा' लिहितोस? शेवटची ओळ सोडली तर जन्मात कधी बरा शब्द काढला नाहीस! किती दिवस राहिलेत माझे?"

शिंप्याने शपथा घेतल्या. बंब्या ऐकेना. शेवटी शिंप्याने टेप फेकली आणि भर दुकानात, गिऱ्हाइकांदेखत, खोडलेली एकेक शिवी खणखणीत आवाजात सुनावली. टकल्या! घोरणाऱ्या! म्हाताऱ्या!

बंब्याच्या चेहऱ्यावर रंग परतला. घोरण्यापायी बंब बाहेर काढण्याच्या ओळीला तर तो पोट धरून हसला आणि पोटावरचं बटण खरंच तुटलं.

"आणि शेवटची ओळ?" डोळे पुसत त्याने विचारलं.

"तुझ्याशिवाय मला करमत नाही रे, गाढवा."

बंब्याने त्याला घट्ट मिठी मारली. मग एकदम कपाळावर हात मारला.

"मेलो! आता येताना मेव्हण्याला माझी स्कूटर देऊन आलो! म्हटलं, मला आता काय करायचीय?"

"मग माग परत."

"मागितल्यावर देणाऱ्यातला आहे का तो? कागद घे. त्यालाही एक पत्र लिही." बंब्या स्टूल ओढून बसला. "आणि हे बघ, यात शेवटची ओळ नको!"