तक्वा, बरकत आणि एक पांढरी चादर

"जगात असा एकही शब्द नाही, ज्याला इंग्रजीत चोख एक शब्द नाही!" अमीन शेखांनी जाहीर केलं. खडकीच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पेट्यांवर लेबलं लावली होती. एक पेटी, एक शब्द.

"मग 'अहो'ला काय म्हणतात, अहो?" बायकोनं, जिनतनं, विचारलं.

अमीनभाईंनी विषय सोडला, निर्धार नाही. लेक आलियाचा निकाह होता. जावई आफताबचे ऑफिसातले लोक बेंगळुरूहून येणार होते, आणि मौलाना अरबीत काय म्हणतात ते त्यांना कळलंच पाहिजे होतं. हॉलच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली गेली, समोर प्रोजेक्टर लागला आणि मौलानांचे शब्द इंग्रजीत टाइप करायला लॅपटॉपवर स्वतः अमीनभाई बसले.

मौलानांनी खुतबा, म्हणजे निकाहचं प्रवचन, सुरू केला. निकाहच्या वेळी पढतात त्या कुराणातल्या आयतींत तक्व्याची ताकीद पुन्हा पुन्हा येते. ती आली की चादरीवर ठळक अक्षरं उमटत : 'फिअर'. 'फिअर'. 'फिअर'.

आफताबला घाम फुटला. बायकांच्या बाजूनं त्याची आई परवीन उठली.

"व्याही, मुलगी इतकी तापट आहे का? 'कबूल' म्हणायच्या आधी कळलं, उपकार झाले तुमचे."

"अहो, डिक्शनरीत भीती असंच आहे!"

"भीती आहेच त्यात," मौलाना माइकवर म्हणाले, "पण 'तक्वा' शब्दाच्या मुळाशी आहे राखणं. काट्यांतून जाताना माणूस कपडे सावरून चालतो ना, तसं अल्लाहची जाण ठेवून स्वतःला चुकीपासून सावरायचं. मुलालाही सांगतोय हे, नुसतं मुलीला नाही."

"मग मुलाला जरा जोरात सांगा," परवीन म्हणाली आणि बसली. आफताबनं घाईघाईनं 'कबूल है' म्हणून टाकलं.

मग बरकतीची दुआ झाली. "बारकल्लाहु लक..." आता चूक नको म्हणून अमीनभाईंनी कारखान्यातला खात्रीचा शब्द काढला : 'इन्क्रिमेंट'.

टाळ्यांचा कडकडाट झाला. "आफताब, पार्टी!" मित्र ओरडले. पहिल्या रांगेतले आफताबचे साहेब पांढरेफटक पडले. "मी कुठंही सही केलेली नाही!"

"साहेब, बसा," मौलाना म्हणाले. "बरकत म्हणजे नुसती वाढ नव्हे. उंट बसतो, त्या क्रियापदाच्याच मुळातला शब्द आहे हा. अल्लाहनं दिलेलं चांगलं घरात येऊन बसावं, टिकावं, फळावं आणि थोडं असलं तरी पुरावं."

"थोडं असलं तरी" ऐकून साहेबांच्या चेहऱ्यावर रंग परतला.

अमीनभाई मात्र हटले नाहीत. त्यांनी काटे टाइप केले, कपडे टाइप केले, उंट बसवला. अक्षरं बारीक होत मुंगीएवढी झाली, तरी अर्थ चादरीबाहेर सांडतच होता. ते आणखी एक ओळ घालणार, इतक्यात जिनत शेजारी येऊन उभी राहिली.

"अहो, ती चादर तेवढी सोडा ना. जेवणाच्या टेबलाला एक कमी पडतेय."