मुख्य नळाची जागा: योग्य ठिकाणी

रात्री नऊ वाजून वीस मिनिटांनी, जेवणं उरकून झाकपाक चालू असताना, स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा कनेक्शन पाइप फुटला. घटना कोणतीही पूर्वसूचना न देता घडल्यामुळे ती मुळातच नियमबाह्य होती, असं कुटुंबप्रमुखांचं ठाम मत पडलं. ते एका कार्यालयात आवक-जावक विभागाचे प्रमुख लिपिक होते. तेवीस वर्षांत त्यांच्या टेबलावरून एकही कागद शिक्क्याशिवाय पुढे सरकला नव्हता. पाणी मात्र बिनशिक्क्याचंच पुढे सरकत होतं.

झालं होतं असं, की तारेच्या जाळीत गुंडाळलेल्या त्या नळीची टोकाची कडी गंजली होती. रात्री आसपासच्या घरांतले नळ बंद होतात आणि पाण्याचा दाब वाढतो. तो आज कडीला सोसला नाही. नळी तुटून मोकळी झाली आणि ओट्याखालचं कपाट, कांदे-बटाट्यांची टोपली, दळणाचा डबा सगळ्यांना आंघोळ घालत सुटली.

"अहो, बघत काय बसलात? बंद करा ना!" बायको ओरडली.

तिच्या ओरडण्याला कारण होतं. ती घरी शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत जमिनीवर, चादरींवर, एका नाटकमंडळाचे बावीस दरबारी झगे पसरलेले होते. लाल मखमल, कडेला सोनेरी पट्टी. पट्टीचा डिंक ओला होता, सकाळपर्यंत झगे हलवायचे नव्हते. हलवले तर पट्टी सुटणार, भिजले तर लाल रंग सोन्यावर उतरणार, आणि सकाळी नऊला मंडळाचा माणूस दारात. दोन महिने डोळे फोडून केलेलं काम होतं ते.

कुटुंबप्रमुख गुडघ्यांवर बसले आणि सिंकखालच्या छोट्या कॉकची मूठ फिरवू लागले. मूठ छान फिरली. फिरतच राहिली. आतले दाते झिजले होते, त्यामुळे मूठ फिरत होती आणि कॉक जागच्या जागी होता. शेवटी मूठ हातात आली. त्यांनी ती पुरावा म्हणून खिशात ठेवली.

"बाबा," दारातून आवाज आला. सात वर्षांची लेक, घरातलं नाव भिंगरी, हात वर करून उभी होती. मोठी माणसं बोलत असताना मध्ये बोलायचं नाही, हात वर करायचा आणि नाव पुकारलं की बोलायचं, हा घरचा नियम क्रमांक चार. नियम फ्रिजवर लावलेला होता. फ्रिजच्या पायांशी आता पाणी होतं.

"थांब गं, महत्त्वाचं चाललंय," ते म्हणाले आणि त्यांनी पाणीपुरवठ्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला.

"नमस्कार. गळती की फुटी?" पलीकडचा माणूस जांभई आवरत म्हणाला.

"फुटी. धोधो!"

"फुटीची तक्रार घरातला मेन कॉक बंद केल्याशिवाय नोंदवता येत नाही. बंद केलाय?"

"तो कुठे आहे हेच आठवत नाही हो!"

"तशी काही अडचण नाही. जोडणी घेताना आपण अर्ज भरलाय, त्यात जागा लिहिलेली असते. वाचून दाखवतो." कागद चाळल्याचा आवाज आला. "हां. 'मुख्य नळाची जागा: योग्य ठिकाणी.' खाली आपलीच सही आहे. अक्षर सुंदर आहे हं."

अकरा वर्षांपूर्वीची ती सही कुटुंबप्रमुखांना लख्ख आठवली. एकही रकाना रिकामा सोडायचा नाही, हे त्यांचं ब्रीद. त्या दिवशी त्यांना स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता! आता कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

भिंगरीने थकलेला उजवा हात खाली घेऊन डावा वर केला.

पाण्याने स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला. "पुढच्या खोलीत मशीनचा वायरबोर्ड जमिनीवर आहे!" बायको किंचाळली आणि कोणाच्याही मंजुरीची वाट न बघता कोरड्या बाजूने पळाली. हात पदराला पुसून तिने विजेचा मेन स्विच खाली ओढला. घर अंधारात बुडालं. आता अंधारात वर केलेला हात कोणाला दिसणार? भिंगरीने पहिल्यांदाच नियम मोडला.

"आई, चपलांच्या कपाटात आहे!"

"काय आहे?"

"पितळेचं चाक. फळीमागे. मी रोज बघते."

बायकोने बॅटरी घेतली आणि ती दरवाज्याजवळच्या चपलांच्या कपाटाकडे धावली. खालच्या कप्प्यातले बूट भराभर बाहेर फेकले. मागची फळी सुटीच होती. ती काढताच, रस्त्यावरून येणारा पाइप जिथे घरात शिरतो तिथे, धूळ खात बसलेलं पितळी चाक दिसलं. त्याच्या शेजारी शाळेच्या नऊ चिठ्ठ्याही दडवलेल्या होत्या. 'आपली कन्या वर्गात न विचारता बोलते. पालकांची सही हवी.'

"जोर लावून फिरव!" कुटुंबप्रमुख म्हणाले.

"जोर लावला तर दांडा तुटेल, मग बसा बोंबलत," बायको म्हणाली. शिवणयंत्राची जाम चाकं तिने जन्मभर सोडवली होती. तिने चाकाला कोरडं फडकं गुंडाळलं. इकडे जरासं, तिकडे जरासं. इकडे जरासं, तिकडे जरासं. कर्र झालं.

"झाकण बंद करतो तसं, आई. उजवीकडे," भिंगरी बॅटरी धरून म्हणाली.

चाक हललं. एक फेरा, दोन, तीन, साडेचार, आणि अडलं. स्वयंपाकघरातला धोधो आवाज बारीक झाला, पण थांबेना. "बंद झालं नाही!" कुटुंबप्रमुख हताश झाले. बायकोने न्हाणीघरातला खालचा नळ सोडला. पाइपात उरलेलं पाणी तिथून भडाभडा वाहून गेलं, आणि सिंकखाली फक्त टपटप उरली. पाणी पहिल्या झग्यापासून वीतभर अलीकडे थांबलं होतं. बायको तिथेच भिंतीला टेकून बसली आणि भिंगरीला कुशीत ओढून ढसाढसा रडली. "माझी बाय गं ती!"

कुटुंबप्रमुखांनी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, "मेन कॉक बंद झाला ना? आता पाणी येतंय का?"

"नाही."

"मग तक्रार कशाची?"

सकाळी मंडळाचा माणूस बावीसच्या बावीस झगे घेऊन गेला. प्लंबरने नवी नळी आणि नवा छोटा कॉक बसवला, चाक पुन्हा सोडलं, पूर्ण सोडून अर्धा फेरा उलटा घेतला आणि बजावलं, "दर सहा महिन्यांनी फिरवत जा, नाहीतर परत जाम होईल."

कुटुंबप्रमुखांनी हे फार मनावर घेतलं. रात्रीच्या प्रकाराचा सतरा पानी अहवाल त्यांनी लिहिला, नकाशे जोडले, 'आपत्कालीन नियोजन' नावाच्या चार जाडजूड फायली केल्या. नियम क्रमांक चारमध्ये दुरुस्ती करून 'पूर आल्यास दोन्ही हात वर करावेत' अशी सोय केली. नऊ चिठ्ठ्यांवर सह्याही ठोकल्या. फायली गरजेच्या वेळी हाताशी असाव्यात म्हणून चपलांच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात, फळीला टेकवून, ठासून बसवल्या. फळी हलू नये म्हणून तिला चार स्क्रूही मारले.

भिंगरी मागे उभी होती. दोन्ही हात वर होते.

हसलात ना? हसा, हसा. आता सांगा, तुमच्या घरातला मेन कॉक कुठे आहे?

योग्य ठिकाणी? वा. अक्षरही सुंदर असेल.